फाउंड्रीतील इंटर्नशिपसाठी चौकशीपत्र : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

सातव्या सत्राचा प्रकल्प अहवाल विभागात जमा केला. आमच्या अभ्यासक्रमात आठव्या सत्रात पूर्णवेळ इंटर्नशिपची मुभा असल्यामुळे आजपासून इंटर्नशिपच्या चौकशीपत्राच्या तयारीच्या नोंदीही याच वहीत ठेवणार आहे, कारण पत्राचा सगळा आधार प्रकल्पातल्या कामावरच उभा राहणार आहे.

कंपनी निश्चित केली. शिरोली औद्योगिक वसाहतीतील ही मध्यम आकाराची फाउंड्री ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नची कास्टिंग तयार करते. पंप आणि ट्रॅक्टरचे भाग हा तिचा मुख्य माल आहे. ऊस आणि गुऱ्हाळांसाठी लागणाऱ्या ऑइल इंजिनांमुळे कोल्हापुरात फाउंड्री रुजली, त्यामुळे पंपाचे हाउसिंग आणि ब्रॅकेट हा इथल्या लोकांच्या हातचा माल आहे, आणि माझा प्रकल्पही अशाच एका ब्रॅकेटवर झाला आहे. आमच्याच विभागाची एक माजी विद्यार्थिनी तिथे गुणवत्ता विभागात आहे. तिच्याकडून समजले की विद्यार्थ्यांचे अर्ज मनुष्यबळ विभागाकडे येतात आणि तिथून ‘तुमच्याकडे याला देण्यासारखे काम आहे का’ या प्रश्नासह, कास्टिंग कसे ओतायचे हे ठरवणाऱ्या मेथड्स विभागाच्या व्यवस्थापकांकडे जातात. निर्णय जर शेवटी त्यांच्याच टेबलावर होणार असेल, तर पत्रही त्यांनाच लिहावे आणि मनुष्यबळ विभागाला प्रत द्यावी, असे ठरवले.

७ नोव्हेंबर २०२५

प्रकल्पाचा परिच्छेद लिहायला घेतला. पत्रातला सर्वांत अवघड भाग हाच आहे, कारण वाचणारा माणूस रोज हेच काम करतो.

प्रकल्प असा होता. एका लहान फाउंड्रीत एफजी २६० प्रतीच्या लोखंडाचा, सुमारे ९ किलो वजनाचा बेअरिंग ब्रॅकेट ग्रीन सँडमध्ये, म्हणजे ओलसर वाळूच्या साच्यात, ओतला जात असे आणि बॉसचे, म्हणजे पाटीवरच्या जाड गोल उंचवट्याचे, बोअर मशिनिंगला गेल्यावर आत पोकळी उघडी पडत असे. रिजेक्शनच्या नोंदवहीत हा दोष ‘ब्लो होल’, म्हणजे वायूमुळे झालेली पोकळी, म्हणून लिहिलेला होता, त्यामुळे उपाय म्हणून वाळूतील ओलावा कमी करण्यात येत होता, पण फरक पडत नव्हता. आम्ही नापास झालेले नग बॉसच्या मध्यातून कापले. वायूमुळे झालेली पोकळी साधारणपणे गोलसर असते, तिची भिंत गुळगुळीत आणि बऱ्याचदा चकचकीत असते. इथे मात्र पोकळी वेडीवाकडी होती, भिंत खरखरीत होती आणि भिंगाखाली तिच्यात डेंड्राइटच्या, म्हणजे गोठताना वाढलेल्या धातूच्या स्फटिकांच्या, बारीक फांद्या स्पष्ट दिसत होत्या. हे श्रिंकेज होते, म्हणजे बॉसचा गाभा सर्वांत शेवटी गोठत होता आणि त्या वेळी त्याला भरून काढणारा धातू कुठूनही मिळत नव्हता.

त्याचे कारण हिशेबातही दिसते. ब्रॅकेटची पाटी १५ मिलिमीटर जाडीची आहे. तिचे मॉड्युलस, म्हणजे आकारमान भागिले थंड होणारे क्षेत्रफळ, जाडीच्या निम्मे, ०.७५ सेंटिमीटर येते. बॉस ६० मिलिमीटर व्यासाचा आणि पाटीची जाडी धरून ५० मिलिमीटर उंचीचा आहे. त्याचे आकारमान १४१ घनसेंटिमीटर, आणि पाटीला जोडलेला पट्टा वगळून उरणारे थंड होणारे क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस सेंटिमीटर, म्हणून मॉड्युलस १.१५ भरते. गोठण्याचा वेळ मॉड्युलसच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हा च्वोरिनोव्हचा नियम लावला तर पाटीपेक्षा बॉसला जवळपास २.४ पट वेळ लागतो. म्हणजे पाटी आधी गोठून वाट बंद होते आणि बॉस उपाशी राहतो. म्हणून आम्ही बॉसच्या तळाशी चिल, म्हणजे उष्णता चटकन ओढून घेणारा धातूचा तुकडा, बसवण्याचा उपाय सुचवला.

हे सगळे पत्रात घातले तर पत्राचा अहवाल होईल. पत्रात एवढेच जाईल : नोंदवहीत दोषाचे नाव काय होते, नग कापल्यावर काय दिसले, आम्ही काय बदलले आणि ते किती नगांवर तपासले. शेवटचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. बायोडेटामध्ये ‘रिजेक्शन ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणले’ असे लिहिण्याची पद्धत आहे आणि आमच्या आकड्यांतून तसे वाक्य तयारही होते. परंतु ते ४ टक्के म्हणजे ५० नगांच्या चाचणीतील २ नग आहेत, आणि आणखी दोन नग गेले असते तर तोच आकडा ८ झाला असता. फाउंड्रीत आयुष्य गेलेला माणूस टक्केवारी वाचताच ‘कितीपैकी?’ असे विचारणार. म्हणून पत्रात टक्के न देता नगांची संख्याच देणार आहे.

११ नोव्हेंबर २०२५

कौशल्यांचा परिच्छेद लिहिला. मार्गदर्शक सरांनी एक चांगली कसोटी सुचवली : जे काम उद्या सकाळी कोणी सोपवले तर एकटीने करता येईल ते एका वाक्यात, जे कोणाच्या तरी देखरेखीखाली केले आहे ते दुसऱ्या वाक्यात, आणि जे केवळ वाचलेले आहे ते पत्रात अजिबात नको.

या कसोटीला सँड टेस्टिंग पहिल्या वाक्यात बसते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणि प्रकल्पाच्या ठिकाणी ओलावा, कॉम्पॅक्टिबिलिटी म्हणजे वाळू दाबल्यावर किती टक्के खाली बसते ते, पर्मिएबिलिटी म्हणजे तिच्यातून वायू किती सहज जातो ते, आणि ग्रीन कॉम्प्रेशन स्ट्रेंथ या चाचण्या मी स्वतः केल्या आहेत. रॅमरचे तीन ठोके दिल्यावर नमुन्याची उंची ५० मिलिमीटरच्या खुणेत येत नसेल, तर चौथा ठोका न देता वाळूचे वजन बदलून नवा नमुना घ्यायचा असतो. नाहीतर पर्मिएबिलिटी आणि स्ट्रेंथ या दोन्हींचे आकडे फसवे येतात. हे हाताला माहीत असल्यामुळे ‘सँड टेस्टिंग येते’ हे वाक्य मी निर्धास्तपणे लिहू शकते. ड्रॉइंग वाचणे, पॅटर्न अलाउन्स काढणे, नग कापून दोष ओळखणे आणि रिजेक्शनच्या नोंदींचा तक्ता स्प्रेडशीटमध्ये मांडणे हेही पहिल्याच वाक्यात जाईल.

कास्टिंग सिम्युलेशन आणि ब्रिनेल हार्डनेस चाचणी दुसऱ्या वाक्यात गेली. स्पेक्ट्रोमीटर मी केवळ चालताना पाहिला आहे, म्हणून तो वगळला. वर्गमित्रांच्या बायोडेटामध्ये दिसणारी दहा-बारा सॉफ्टवेअरची रांगही नको. मेथड्सच्या माणसाला त्यातले एक सॉफ्टवेअर उपयोगाचे असते आणि उरलेल्यांमुळे त्या एकाबद्दलही शंका येते.

१४ नोव्हेंबर २०२५

उपलब्धतेचा मुद्दा पूर्ण केला. ‘जानेवारीपासून उपलब्ध’ एवढ्याने व्यवस्थापकांना काहीच ठरवता येत नाही. त्यांना पहिला दिवस, शेवटचा दिवस, पाळी आणि मध्ये परीक्षा किंवा मूल्यमापनासाठी जाणारे दिवस, हे सगळे एका नजरेत दिसले पाहिजे. परीक्षा डिसेंबरमध्ये संपतात, त्यामुळे ५ जानेवारी ते ३० मे २०२६ हा काळ मिळतो. महिन्यातून एक दिवस महाविद्यालयात प्रगती दाखवण्यासाठी जावे लागेल आणि तो दिवस कंपनीच्या साप्ताहिक सुट्टीला जोडून घेण्याची तयारी विभागाने दाखवली आहे.

पाळीचा प्रश्न मात्र फाउंड्रीत वेगळा असतो. काही ठिकाणी मेल्टिंग संध्याकाळी किंवा रात्री घेतात, आणि ज्याला ओतकाम पाहायचे आहे तो फक्त जनरल पाळीत आला तर त्याला थंड झालेले कास्टिंगच दिसतात. म्हणून वसतिगृहाच्या रेक्टर मॅडमकडून आठवड्यातून दोन दिवस रात्री दहापर्यंत बाहेर राहण्याची लेखी परवानगी आधीच घेतली आणि पत्रात तसा उल्लेख केला.

प्रशिक्षण व प्लेसमेंट विभागाकडून बोनाफाइड, ना-हरकत पत्र आणि विद्यार्थ्यांच्या सामूहिक अपघात विम्याची प्रत मिळाली. विम्याचा कागद फारसा कोणी जोडत नाही. वितळलेले लोखंड असलेल्या आवारात बाहेरच्या व्यक्तीला फिरू देताना कारखान्याला पहिली काळजी त्याचीच असते, हे त्या माजी विद्यार्थिनीने सांगितले.

१७ नोव्हेंबर २०२५

पत्राचा अंतिम मजकूर सकाळी ईमेलने पाठवला. विषयाच्या ओळीत ‘इंटर्नशिपबाबत विनंती’ असे न लिहिता काम, कालावधी आणि शाखा एकत्र दिली, म्हणजे ईमेल न उघडताही पत्र कशाबद्दल आहे ते कळावे. मजकूर नोंदीसाठी खाली उतरवून ठेवत आहे.

विषय : कास्टिंग दोष-विश्लेषणासाठी इंटर्नशिप, जानेवारी ते मे २०२६, अंतिम वर्ष यंत्र अभियांत्रिकी

मा. व्यवस्थापक, मेथड्स विभाग,

सविनय नमस्कार. मी यंत्र अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाची विद्यार्थिनी असून आठव्या सत्रात आपल्या विभागात पूर्णवेळ इंटर्नशिपची संधी मिळू शकेल काय, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपल्या गुणवत्ता विभागात कार्यरत असलेल्या आमच्या माजी विद्यार्थिनीकडून आपला संपर्क मिळाला.

सातव्या सत्रात मी एफजी २६० च्या एका बेअरिंग ब्रॅकेटमधील दोषावर प्रकल्प केला. नोंदवहीत हा दोष ब्लो होल म्हणून नोंदवला जात होता. नग कापून पाहिल्यावर पोकळीची भिंत खरखरीत आणि डेंड्राइटयुक्त आढळली, आणि दोष बॉसमधील श्रिंकेजचा असल्याचे निश्चित झाले. बॉस आणि पाटी यांच्या मॉड्युलसमधील तफावत काढून बॉसच्या तळाशी चिल बसवण्याचा उपाय आम्ही सुचवला. बदलानंतर ओतलेल्या ५० नगांपैकी २ नगांत दोष आढळला. ही संख्या लहान आहे आणि मशिनिंगचे निरीक्षण त्यांपैकी केवळ १० नगांवर झाले आहे, याची मला जाणीव आहे.

सँड टेस्टिंग, ड्रॉइंग वाचन, पॅटर्न अलाउन्स, नग कापून दोषाचे वर्गीकरण आणि रिजेक्शनच्या नोंदींचे विश्लेषण ही कामे मी स्वतंत्रपणे करू शकते. सिम्युलेशन आणि हार्डनेस चाचणी मी मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली केली आहे.

आपल्या विभागाला उपयोगी वाटल्यास, एखाद्या निवडक कास्टिंगचे नापास नग कापून त्यांतील दोषांची योग्य नावांनिशी नोंद करणे, अशा मर्यादित कामापासून मी सुरुवात करू इच्छिते. आपल्याकडे यापेक्षा निकडीचे काम असल्यास तेही करण्याची माझी तयारी आहे.

मी ५ जानेवारी ते ३० मे २०२६ या काळात पूर्णवेळ उपलब्ध आहे. पहिल्या किंवा जनरल पाळीत येऊ शकेन. मेल्टिंग उशिरा असल्यास आठवड्यातून दोन दिवस रात्री दहापर्यंत थांबण्याची वसतिगृहाची लेखी परवानगी आहे. महिन्यातून एक दिवस महाविद्यालयीन मूल्यमापनासाठी लागेल. बायोडेटा, प्रकल्पाचा दोन पानी सारांश, ना-हरकत पत्र आणि अपघात विम्याची प्रत सोबत जोडली आहे.

आपल्या सोयीच्या वेळी प्रत्यक्ष भेटीसाठी येण्यास मी तयार आहे.

आपली विश्वासू,

खाली नाव, महाविद्यालय आणि मोबाइल क्रमांक दिला. मानधनाचा उल्लेख मुद्दाम केला नाही. काम आहे की नाही हेच अजून ठरलेले नसताना तो विषय काढणे मला अकाली वाटले. प्रकल्प ज्या फाउंड्रीत झाला तिचे नावही पत्रात नाही, कारण तिच्या रिजेक्शनची माहिती दुसऱ्या फाउंड्रीपर्यंत नावासह पोहोचणे योग्य नव्हे.

२४ नोव्हेंबर २०२५

आठवडाभरात उत्तर आले नाही. महिनाअखेर जवळ आली की डिस्पॅचच्या धावपळीत अशी पत्रे मागे पडणे स्वाभाविक आहे. मूळ ईमेललाच उत्तर म्हणून तीन ओळी पाठवल्या : पत्राचा संदर्भ, उपलब्धतेच्या तारखा आणि सोयीची वेळ कळवण्याची विनंती.

२६ नोव्हेंबर २०२५

दुपारी व्यवस्थापकांचा फोन आला. बोलणे जवळपास सगळे प्रकल्पावरच झाले, आणि त्यांनी सारांशाची दोन्ही पाने वाचली होती.

पहिलाच प्रश्न होता, “श्रिंकेज होते म्हणता, तर रायझर का नाही लावला?” रायझर म्हणजे कास्टिंग गोठताना त्याला धातू पुरवणारा साच्यातला साठा. मी सांगितले की रायझरचे मॉड्युलस कास्टिंगच्या १.२ पट धरले, तर उंची व्यासाच्या दीडपट ठेवून सुमारे ७५ मिलिमीटर व्यासाचा रायझर येतो आणि त्याचे वजन साडेतीन किलोच्या घरात जाते. ९ किलोच्या कास्टिंगमागे एवढा धातू परत भट्टीत टाकणे यील्डच्या दृष्टीने परवडणारे नव्हते. त्यावर ते म्हणाले, “पण १.२ हा आकडा स्टीलचा. ग्रे आयर्नला तो जसाच्या तसा का लावायचा?” आमच्या अहवालाच्या तोंडी परीक्षेत या मुद्द्यावर चर्चा झाली होती, म्हणून उत्तर देता आले. ग्रे आयर्न गोठताना ग्रॅफाइट सुटते आणि प्रसरण पावते. साचा घट्ट असेल तर त्या प्रसरणामुळे बरेचसे आकुंचन आपोआप भरून निघते, त्यामुळे रायझर लहान चालतो किंवा लागतही नाही. साचा मऊ असेल तर मात्र तेच प्रसरण साच्याची भिंत बाहेर ढकलण्यात वाया जाते आणि पोकळी तशीच राहते. ते थोडे थांबून म्हणाले, “म्हणजे चिल लावण्याआधी मोल्ड हार्डनेस बघायला हवा होता.” आम्ही तो पाहिला होता, बॉसच्या खोल कप्प्याजवळ तो वरच्या पृष्ठभागापेक्षा कमीच भरत होता, परंतु त्या फाउंड्रीतील मोल्डिंग हाताने होत असल्याने प्रत्येक साच्यात तो वेगवेगळा येत होता आणि म्हणून चिलचा मार्ग निवडला, असे मी सांगितले.

पुढचा प्रश्न चिलविषयी होता : मशिनिंगवाल्यांची काही तक्रार आली का? ग्रे आयर्नमध्ये चिलच्या लगतचा थर फार लवकर गोठला तर तिथे ग्रॅफाइटऐवजी कार्बाइड तयार होतात आणि ड्रिलची धार जाते, हा त्यामागचा रोख होता. बोअर केलेल्या १० नगांत तसे आढळले नाही, एवढेच सांगितले, आणि मशिनिंगचे निरीक्षण १० नगांपुरतेच आहे हे पत्रातही लिहिलेले आहे.

मग त्यांनी वाळूकडे मोर्चा वळवला. “कॉम्पॅक्टिबिलिटी सकाळी ३८ होती आणि दुपारी ४६ झाली, तर लाइनवर काय दिसेल?” मी म्हटले, वाळू ओली झाली आहे, ती हातात छान बांधली जाते, पण पॅटर्नच्या खोल भागांत नीट वाहत नाही, तिथे साचा मऊ राहतो आणि वायूचे दोषही वाढतात. “आणि ३० झाली तर?” साच्याच्या कडा ठिसूळ होतात, पॅटर्न काढताना तुटतात आणि सँड ड्रॉप वाढतो. “ठीक आहे. मंगळवारी दहाला या. सेफ्टी शूज असतील तर घालून या.”

२ डिसेंबर २०२५

भेट झाली. आधी मनुष्यबळ विभागात गेले. तिथल्या अर्जात अप्रेंटिस नोंदणी क्रमांकाचा रकाना होता. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेखालील पदवीधर अप्रेंटिस पदवी मिळाल्यानंतर घेतले जातात आणि माझी इंटर्नशिप अभ्यासक्रमाचाच भाग आहे, हे ना-हरकत पत्रातील श्रेयांकांच्या वाक्यावरून स्पष्ट झाल्यावर त्यांनी तो रकाना रिकामा ठेवला.

व्यवस्थापकांनी शॉप फ्लोअर दाखवला. कास्टिंग साफ करण्याच्या फेटलिंगच्या जागेपलीकडे नापास मालाचा ढीग होता आणि प्रत्येक नगावर खडूने दोषाचे अक्षर लिहिलेले होते. त्यांनी एक पंप हाउसिंग उचलून पोकळी दाखवली आणि नाव विचारले. वरचा भाग गुळगुळीत होता, आत मात्र खरखरीतपणा दिसत होता, म्हणून न कापता सांगता येणार नाही, असे उत्तर मी दिले. खडूचे अक्षर ‘बी’ होते, म्हणजे ब्लो होल. ते म्हणाले, “इथे सगळेच ‘बी’ असते, कारण ते लिहायला सोपे आहे.” माझ्या पत्रातला कामाचा प्रस्ताव त्यांना पटला होता तो बहुधा यामुळेच.

काम असे ठरले. पहिले बारा आठवडे मी याच एका पंप हाउसिंगचे नापास नग पाहीन. रोजच्या मालातून त्यांनी निवडून दिलेले नग कापून, पोकळीची जागा ड्रॉइंगवर खुणेने दाखवून आणि छायाचित्र काढून दोषाचे नाव लिहीन, आणि त्याच हीटचे, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचे, ओतकामाचे तापमान व त्या वेळचे सँड लॅबचे आकडे शेजारी नोंदवीन. गेटिंग किंवा रायझरमध्ये कोणताही बदल सुचवायचा असेल तर तो मार्चअखेरच्या आढाव्यानंतरच. मला मेथड्सचे काम लवकर मिळावे असे वाटत होते, पण त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता : दोषाचे नाव चुकलेले असताना केलेला बदल यशस्वी झाला तरी तो का झाला, हे कोणालाच कळत नाही.

दोन अटी त्यांनी घातल्या. ग्राहकाचे नाव, भाग क्रमांक आणि पूर्ण ड्रॉइंग महाविद्यालयाच्या अहवालात येणार नाही, आणि छायाचित्रे कंपनीच्या कॅमेऱ्यावरच काढायची, स्वतःच्या मोबाइलवर काढायची नाहीत. मार्गदर्शक सरांना तिथूनच फोन करून विचारले. केवळ बॉसच्या भागाचे रेखाटन आणि बदललेले नाव मूल्यमापनाला चालेल, असे त्यांनी सांगितले आणि तसे पत्र विभागाकडून देण्याचे मान्य केले. मानधनाचा विषय व्यवस्थापकांनीच काढला : जेवण कॅन्टीनमध्ये, कंपनीच्या बसने प्रवास आणि दरमहा ठरावीक रक्कम, जिचा आकडा मनुष्यबळ विभागाच्या पत्रात येईल.

रुजू होण्याची तारीख ५ जानेवारी कायम राहिली. त्यांच्याकडे मेल्टिंग दुपारी चारला सुरू होते, म्हणून मंगळवार आणि शुक्रवार हे उशिरा थांबण्याचे दिवस ठरले. विभागाचे गोपनीयतेचे पत्र आणि रेक्टर मॅडमच्या परवानगीची मूळ प्रत २० डिसेंबरपूर्वी पोहोचवायची आहे. त्याआधी नोंदींच्या तक्त्याचा नमुना करून त्यांना पाठवायचा आहे. त्यात हीट क्रमांक, ओतण्याची वेळ, साच्याची बाजू, पोकळीची जागा, भिंतीचे स्वरूप, खडूचे अक्षर आणि कापल्यानंतरचे नाव असे रकाने धरले आहेत.